सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे? मंजूर नकाशा हातात घेऊन बांधकाम तपासताना

माझ्या मामेबहिणीने मुंबईच्या उपनगरात एक टू बीएचके पसंत केला आणि नेहमीप्रमाणे फोन मला आला. मी बरीच वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले आहेत, त्यामुळे आमच्या घराण्यात कोणी घर घ्यायला निघालं की ब्रोशर आधी माझ्याकडे येतं. तिने सांगितलं, "ताई, सीसी आलीये, बिल्डरने दाखवली. रेरा नंबर आहे, बँकेचं अप्रूव्हलही आहे. टोकन देऊन टाकू ना?"

मी तिला एकच विचारलं, "सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे आणि कुठल्या तारखेच्या नकाशाप्रमाणे?" ती गप्प झाली. "सीसी आहे का", म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी आहे का, या प्रश्नाला बहुतेक बिल्डर बिनदिक्कत हो म्हणू शकतात आणि ते खोटंही नसतं. उत्तर अडतं ते या पुढच्या प्रश्नाला. हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे आणि सगळा महाराष्ट्रापुरता आहे.

आधी हे कागद कोणते ते

मंजूर नकाशा म्हणजे आर्किटेक्टने काढलेला आणि महापालिकेने किंवा त्या भागातल्या नियोजन प्राधिकरणाने शिक्का मारून मान्य केलेला नकाशा. काय बांधायचं ते त्यात असतं. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे आपली सीसी, ही त्या नकाशाप्रमाणे काम सुरू करायची परवानगी. ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली मिळते. नकाशाशिवाय सीसीला अर्थ नाही, कारण सीसीमध्ये इमारतीचं वर्णन दोन-तीन ओळींत उरकलेलं असतं आणि बाकी सगळं 'अमुक तारखेच्या मंजूर नकाशाप्रमाणे' एवढ्यावर सोडलेलं असतं.

मुंबईत यात एक तिसरा कागद येतो, आयओडी. त्याचं पूर्ण नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नापसंतीची सूचना! अर्थ असा की या या अटी पूर्ण होईपर्यंत आम्हाला तुमचा प्रस्ताव मान्य नाही. प्रत्यक्षात त्या अटींसकट नकाशे मंजूर झालेले असतात, पण नुसत्या आयओडीवर काम सुरू करता येत नाही. सेल्स ऑफिसात कोणी आयओडी दाखवून 'मंजुरी आली' म्हणाला, तर सीसी मागा.

पुणे, ठाणे, नाशिक किंवा नागपूरला, म्हणजे जिथे २०२० ची एकत्रित विकास नियमावली लागू आहे तिथे, बहुधा बांधकाम परवानगी आणि प्रारंभ प्रमाणपत्र एकाच कागदावर येतं. काम जोत्यापर्यंत आलं की जोते तपासणी होते. मुंबईत मात्र सीसी टप्प्याटप्प्याने मिळते. आधी जोत्यापर्यंत, मग पुढे काही मजल्यांपर्यंत, मग आणखी पुढे. खरी गंमत या टप्प्यांतच आहे.

शहराबाहेर, विशेषतः पुण्याच्या आसपासच्या गावांत, 'ग्रामपंचायतीची परवानगी' म्हणून सरपंचाच्या सहीचं पत्र दाखवतात. गावठाणाबाहेर उभ्या राहणाऱ्या इमारतीसाठी ते पत्र म्हणजे सीसी नव्हे. तिथलं नियोजन प्राधिकरण कोण, पीएमआरडीए की जिल्हाधिकारी की आणखी कोणी, ते शोधून त्यांचाच कागद बघायचा.

पहिली पायरी: कागद बिल्डरकडून नको, दुसऱ्या वाटेने आणा

बिल्डरने दिलेली प्रत घ्या, पण ती तुलनेसाठी ठेवा. कारण कल्याण-डोंबिवलीत काय झालं ते आठवा. तिथल्या ६५ इमारतींना महापालिकेची परवानगीच नव्हती. खोट्या सही-शिक्क्यांचे परवानगीचे कागद तयार करून त्यांच्यावर रेराची नोंदणी मिळवली गेली. लोकांनी रेरा नंबर बघून घरं घेतली, बँकांनी कर्जं दिली आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. म्हणून रेरा नंबर आणि बँकेचं अप्रूव्हल या दोन्ही गोष्टी मी पुरावा मानत नाही. त्या फार तर सुरुवात आहेत.

सुरुवात करायला मात्र महारेराचं संकेतस्थळ चांगलं आहे. `maharera.maharashtra.gov.in` वर प्रकल्पाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला की प्रकल्पाचं पान उघडतं. तिथे बिल्डरने चढवलेली सीसी, मंजूर नकाशे आणि इमारतीचा तपशील असतो. त्या पानावर 'मंजूर' आणि 'प्रस्तावित' बांधकाम क्षेत्र वेगवेगळं दिलेलं असतं. त्या दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर समजायचं, की ब्रोशरमधली इमारत अजून पूर्ण मंजूर झालेली नाही आणि वरचे काही मजले सध्या बिल्डरच्या मनात आहेत.

मग दुसरी वाट, खुद्द महापालिकेची. मुंबईत `autodcr.mcgm.gov.in` वर प्रस्तावाच्या फाइल क्रमांकावरून शोध घेता येतो. हा क्रमांक सीसीच्या डोक्यावर छापलेला असतो. इतर अनेक महापालिका-नगरपालिकांचं काम `mahavastu.maharashtra.gov.in` या प्रणालीतून चालतं. ऑनलाइन सापडलं नाही तर बांधकाम परवानगी विभागात जाऊन फाइल क्रमांक आणि तारीख दाखवून विचारायचं, की हा कागद तुमच्याकडून गेला आहे का.

दाद मिळाली नाही तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज करायचा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, एवढं लक्षात ठेवायचं. अर्जात लिहायचं: अमुक फाइल क्रमांकाच्या इमारतीला आजपर्यंत दिलेली सर्व प्रारंभ प्रमाणपत्रं, त्यांवरचे पुढील टप्प्यांचे शेरे, शेवटचा सुधारित मंजूर नकाशा आणि जोते तपासणीचा कागद यांच्या प्रती मिळाव्यात. उत्तराची मुदत ३० दिवसांची. कधीकधी 'नकाशा ही त्रयस्थाची माहिती आहे' असं म्हणून प्रत नाकारतात. तेव्हा निदान फाइल बघू द्या असा अर्ज करायचा, कारण अभिलेखांची पाहणी हासुद्धा माहिती अधिकाराचाच भाग आहे.

ज्यांचं बुकिंग झालेलं आहे त्यांना एवढी यातायातही नको. रेरा कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मंजूर नकाशे मिळणं हा खरेदीदाराचा हक्क आहे आणि कलम ११ प्रमाणे बुकिंगच्या वेळीच ते साइटवर लावून ठेवणं बिल्डरवर बंधनकारक आहे. मागून बघा. द्यायला किती दिवस लावतात आणि देताना चेहरा कसा होतो, यातूनही पुष्कळ कळतं.

दुसरी पायरी: सीसी शेवटच्या पानापासून वाचा

सीसीचं पहिलं पान सगळेच दाखवतात. त्यावर मोठं नाव, मोठा शिक्का आणि सर्वांत जुनी तारीख असते. मुंबईच्या सीसीत कामाची गोष्ट शेवटी असते. तिथे एकाखाली एक शेरे चढत जातात, प्रत्येकाला तारीख आणि सही. पहिला शेरा बहुधा 'अप टु प्लिंथ लेव्हल' असा असतो, म्हणजे फक्त जोत्यापर्यंत. त्यानंतरच्या प्रत्येक शेऱ्याला बोलीभाषेत 'फर्दर सीसी' म्हणतात.

बहिणीच्या इमारतीचं उदाहरण घेऊ. खाली स्टिल्ट म्हणजे खांबांवरचा मोकळा तळमजला, वर पोडियम म्हणजे पार्किंगचे ३ मजले, त्यावर राहायचे २२ मजले. शेवटच्या पानावर तीन शेरे होते. पहिला जोत्यापर्यंतचा. दुसरा तिसऱ्या पोडियमच्या माथ्यापर्यंतचा. तिसरा नोव्हेंबर २०२३ चा, वरच्या ९ व्या मजल्यापर्यंत, 'ऑक्टोबर २०२३ च्या सुधारित नकाशांप्रमाणे'. त्यानंतर काही नाही. म्हणजे त्या घडीला ९ व्या मजल्याच्या वर एक वीटही लावायची परवानगी नव्हती.

तिचा फ्लॅट ब्रोशरप्रमाणे १६ व्या मजल्यावर. पण ब्रोशर तिन्ही पोडियम मजले म्हणून मोजत होतं, त्यामुळे मंजूर नकाशात तो मजला १३ वा. ही चलाखी सर्रास चालते. कुणी पोडियम मोजतो, कुणी अशुभ म्हणून १३ वा मजला गाळून थेट १४ वा लिहितो. म्हणून सीसीतला आकडा ब्रोशरमधल्या आकड्याशी ताडून उपयोग नाही. दोन्ही नकाशावर आणून ताडायचे.

याच पानावर सीसीची मुदतही बघून घ्या. परवानगी एका वर्षाची असते आणि पुढे वर्षावर्षाने वाढवून घ्यावी लागते. ही वाढ एकूण तीन वर्षांच्या पुढे जात नाही, आणि तोवर जोतंसुद्धा पूर्ण झालं नसेल तर नव्याने अर्ज करावा लागतो. काम रखडलेल्या इमारतीत हे हमखास तपासायचं.

तिसरी पायरी: नकाशातल्या तीनच गोष्टी

मंजूर नकाशाचा कागद उलगडला की नवखा माणूस बुजतो. सगळं कळायची गरज नाही. तीन ठिकाणी बोट ठेवता आलं की पुरे.

आधी शिक्का आणि तारीख. सीसीच्या शेवटच्या शेऱ्यात जी तारीख आहे, तीच नकाशाच्या शिक्क्यात हवी. प्रकल्प चालू असताना नकाशे दोन-तीनदा सुधारले जातात आणि सेल्स ऑफिसच्या भिंतीवर बरेचदा जुनाच, किंवा उलट, अजून मंजूर न झालेला नवा नकाशा लावलेला असतो.

मग छेद. इमारत सुरीने उभी कापली तर जशी दिसेल तसं हे चित्र. त्यात तळापासून वरपर्यंत प्रत्येक स्लॅब, त्याचं नाव आणि उंची दिसते. मजल्यांच्या नावांचा सगळा गोंधळ इथे मिटतो. एकत्रित नियमावलीप्रमाणे २४ मीटरच्या वर गेलेल्या इमारतीत आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा, म्हणजे रेफ्यूज एरिया, ठेवावी लागते. ती कुठल्या मजल्यावर आहे हेही छेदात बघून घ्या. साइटवर त्या मजल्यावर भिंती घालून खोल्या दिसल्या तर प्रकरण गंभीर आहे.

आणि शेवटी आपल्या मजल्याचा नकाशा. मापं मीटरमध्ये असतात. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. आपला फ्लॅट शोधा, प्रत्येक खोलीत लिहिलेलं नाव आणि माप एका कागदावर उतरवून घ्या. नाव वाचणं मापाइतकंच महत्त्वाचं. ब्रोशरमध्ये 'स्टडी' म्हणून विकलेली खोली मंजूर नकाशात 'स्टोअर' किंवा 'बाल्कनी' निघालेली मी स्वतः पाहिली आहे.

बहिणीच्या नकाशात मास्टर बेडरूम ३.०५ × ३.३५ मीटर होती, म्हणजे १० फूट × ११ फूट, जेमतेम ११० चौरस फूट. ब्रोशर म्हणत होतं १२ × ११, म्हणजे १३२. हे २२ चौरस फूट आले कुठून? बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीपलीकडे नकाशात ०.६० मीटर रुंदीचा एक कट्टा होता, त्यावर लिहिलं होतं, एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी जागा. ०.६० मीटर म्हणजे २ फूट. ब्रोशर काढणाऱ्याने भिंतच पुसली होती आणि कट्टा खोलीत घेतला होता.

चौथी पायरी: साइटवर

दिवसा जा आणि आधी रस्त्यापलीकडे उभे राहा. खालून स्लॅब मोजा. स्टिल्टवरचा पहिला, मग पोडियमचे, मग वरचे. बोट दाखवत दोनदा मोजा, कारण सेंटरिंग लावलेला मजला आणि ओतलेला स्लॅब यांत गल्लत होते. आम्ही जुलै २०२४ मध्ये गेलो तेव्हा पोडियमच्या वर १२ मजले उभे होते आणि पुढच्याची तयारी चालू होती. सीसी ९ व्यापर्यंत. तीन मजले परवानगीविना. साइटवरचा माणूस निर्विकारपणे म्हणाला, "मॅडम, फर्दर सीसी प्रोसेसमध्ये आहे." असेलही. बरेचदा ती नंतर येतेही. पण वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये परवानगी ५ मजल्यांची होती, एक इमारत १७ आणि दुसरी २० मजले चढली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वरचे मजले नियमित करायला नकार दिला. तिथेही कोणीतरी 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणालंच असेल.

मग मोकळी जागा. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीपासून प्लॉटच्या हद्दीपर्यंत सोडलेली जागा म्हणजे सामासिक अंतर. ले-आउटच्या नकाशात चारही बाजूंना ते मीटरमध्ये लिहिलेलं असतं. ३० मीटरची टेप आणि बरोबर एक माणूस एवढं पुरतं. एक सावधगिरी मात्र हवी. कुंपणाची भिंत म्हणजे प्लॉटची हद्द, असं धरून चालू नका. ती कधी आत असते, कधी शेजाऱ्याच्या जागेत. नकाशात हद्दीचा एखादा कोपरा रस्त्यापासून किती अंतरावर दाखवलाय ते बघून तिथून मोजा. चार-सहा इंचांच्या फरकाने घाबरू नका, तुमच्या टेपमध्येही तेवढी चूक असू शकते. पण ६ मीटर हवे तिथे ४.५ भरले, तर ते मोजण्यातलं नाही. ही जागा आगीचा बंब फिरवायला असते आणि नंतर वाढवता येत नाही. म्हणून जोते तपासणीचा कागद मला फार मोलाचा वाटतो. इमारतीचा पायाचा आकार नकाशाप्रमाणे आहे की नाही, ते तिथेच ठरतं.

फ्लॅटमध्ये चढू दिलं तर खोल्या मोजा. गिलावा व्हायच्या आधी भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप नकाशापेक्षा इंचभर जास्त यायला हवं, कारण दोन्ही बाजूंना प्लास्टर चढणार असतं. तिची बेडरूम ३.०८ × ३.३८ मीटर भरली. म्हणजे इमारत नकाशाप्रमाणे बांधत होते, ब्रोशरप्रमाणे नाही! मग खाली येऊन नमुना फ्लॅट पाहिला, तर तिथे भिंत कट्ट्याच्या कडेपर्यंत ढकललेली आणि खिडकीत छान गादी घातलेली. सेल्सवाल्याने हळूच सांगितलं, ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आल्यावर सगळे असंच करून घेतात, आमचाच माणूस करून देतो. करून देईल, पण नोटीस आली तर ती घरमालकाच्या नावाने येते.

कार्पेट मोजताना रेराची व्याख्या वापरा. आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची. आदर्श करारनाम्याप्रमाणे अंतिम मापात ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. ६०० चौरस फुटांच्या घराला हे १८ चौरस फूट होतात.

फरक निघाला तर

करारनामा व्हायच्या आधी निघाला तर तुम्ही सगळ्यांत सुखी. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, त्यामुळे अडकलेली रक्कम मर्यादित असते. लेखी विचारा, ईमेलवर, साध्या भाषेत: माझा फ्लॅट मंजूर नकाशातल्या कितव्या मजल्यावर आहे आणि त्या मजल्याची सीसी कोणत्या तारखेची आहे? फोनवरची उत्तरं घेऊ नका. करारनाम्याला जोडलेला फ्लॅटचा नकाशा शिक्क्याचाच आहे ना, ब्रोशरचा नाही ना, तेही सहीआधी बघा.

करारनाम्यानंतर नकाशाच बदलला तर रेराचं कलम १४ लागू होतं. तुमच्या फ्लॅटमध्ये तुमच्या संमतीविना बदल नाही. इमारतीच्या किंवा सामाईक जागांच्या नकाशात बदलाला, बिल्डर सोडून, किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. करारनाम्यात 'भविष्यातल्या सर्व बदलांना माझी संमती आहे' असं कलम बहुतेक वेळा असतंच. अशी सरसकट संमती पुरत नाही, नेमका बदल सांगून ती घ्यावी लागते, असं मुंबई उच्च न्यायालयाने मोफा या रेराआधीच्या फ्लॅट कायद्याच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. तरी सहीआधी त्या कलमावर काट मारायला सांगून बघायला हरकत नाही.

परवानगीबाहेरचं काम चालू असेल तर तक्रार दोन ठिकाणी जाते आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. काम थांबवणं, नोटीस देणं, पाडणं हे महापालिकेच्या किंवा प्राधिकरणाच्या हातात. तुमचे पैसे, व्याज, भरपाई हे महारेराच्या हातात, तिथे तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये आहे. लोक रेराकडे जाऊन वरचे मजले पाडायला सांगतात आणि महापालिकेकडे जाऊन पैसे मागतात, मग दोन्हीकडून हात हलवत परततात.

बहिणीने टोकन दिलं, पण करारनामा अडवून धरला. चौथा शेरा नोव्हेंबरमध्ये आला, १८ व्या मजल्यापर्यंतचा. तो आधी महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहिला आणि मगच तिने सही केली. बेडरूमबद्दल तिने मेल टाकली होती, की ब्रोशरमधलं १२ × ११ आणि नकाशातलं १० × ११ यांतलं मला काय मिळणार? नऊ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: मंजूर नकाशाप्रमाणे, नमुना फ्लॅट केवळ सादरीकरणासाठी आहे. मेलची प्रिंट तिने करारनाम्याच्या फाइलमध्ये लावली आणि दरातले थोडे पैसे कमी करून घेतले. आता तिला खिडकीत गादी हवीच आहे, पण ती भिंतीच्या आत मावेल एवढीच करून घेणार आहे.